उशिराचे पन्नास रुपये कुणाचे?



शेतकी विभागाचा माणूस या पानावर लिहायला बसला की आडसाली लागण, हुमणी, पाचट नाहीतर तोडणीचा कार्यक्रम यांपैकीच काहीतरी येणार, हे तुम्ही धरून चालता. आज विषय पाळणाघराचा आहे. वसाहतीतल्या पाळणाघराच्या फीचा तक्ता नव्याने करायचा आहे आणि तो करणाऱ्या समितीत आम्हालाही घेतले आहे. पाळणाघरात वसाहतीतल्या नोकरदारांची मुले आहेत, तशीच आपल्या सभासदांची नातवंडेही आहेत. कुणाची सून शाळेत शिक्षिका आहे, कुणाची मुलगी दवाखान्यात परिचारिका आहे. तेव्हा हा तक्ता चार भिंतींच्या आत ठरू नये, सगळ्यांच्या नजरेखालून जावा, म्हणून हा खटाटोप.

आधीच एक कबुली देऊन टाकतो. आमची दोन्ही मुले त्याच पाळणाघरात आहेत. थोरली पाच वर्षांची, ती शाळा सुटल्यावर येते आणि सुट्टीत दिवसभर असते. धाकटा दोन वर्षांचा. म्हणजे भावंडांना सवलत मिळाली तर ती आमच्याही खिशात पडणार, आणि उशिराचा आकार बसला तर तोही आम्हीच भरणार. उशीर करणाऱ्यांच्या यादीत आमचे नाव बरेच वर आहे. हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

तक्त्यात महिन्याच्या फीखेरीज तीन कलमे आहेत: नावनोंदणी फी, भावंडांची सवलत आणि मूल उशिरा नेल्याबद्दलचा आकार. तिन्ही कलमे दिसायला किरकोळ, पण भांडणे होतात ती याच तीन कलमांवरून. आमचे म्हणणे एवढेच आहे, की प्रत्येक रुपया कशाबद्दल घेतला आणि तो कुणाकडे जातो हे तक्त्यात लिहिलेले असावे. ते लिहिले नाही की काय होते, ते आता एकेक कलम घेऊन सांगतो.

प्रवेश फी वेगळी, ठेव वेगळी

जुन्या तक्त्यात ‘नावनोंदणी फी रु. १,०००, परत मिळणार नाही’ एवढीच ओळ होती. गेल्या वर्षी एका सभासदाच्या सुनेने लेकाला घातले. पोरगं चार दिवस नुसते रडले, दूधसुद्धा घेईना. पाचव्या दिवशी आजीने घरी नेले, ती म्हणाली, मीच सांभाळते. सूनबाईंनी हजार रुपये परत मागितले. समिती म्हणाली, ओळ वाचा. त्या म्हणाल्या, चार दिवसांचे हजार रुपये कुठे असतात होय? दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, कारण हे हजार रुपये नेमके कशाचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. नाव लिहिण्याचे, जागा धरण्याचे, की अनामत म्हणून?

आपल्यासारख्या सहकारातल्या माणसांना हा फरक समजावून सांगायला नको. आपण सभासद झालो तेव्हा प्रवेश फी भरली आणि भागाची रक्कमही भरली. प्रवेश फी गेली ती गेली. भागाची रक्कम मात्र आपल्या नावावर उभी राहिली. पाळणाघरातही हे दोन कप्पे वेगळेच हवेत.

पहिला कप्पा नोंदणीचा. मूल दाखल होताना खरोखर किती खर्च येतो तो मोजावा. अर्ज आणि फाईल लागते. मुलाला कशाचे वावडे आहे, लस कोणती टोचली आहे आणि मूल न्यायला कोण-कोण येऊ शकते याची नोंद होते. एक गादी आणि दोन चादरी लागतात. आणि पहिल्या आठवड्यात त्या एका पोराकडे ताईंना जास्त वेळ द्यावा लागतो. आम्ही हिशेब केला तो तीनशे रुपयांच्या आसपास आला. तेव्हा नोंदणी फी तीनशे. त्याच घरातले दुसरे मूल आले तर घरची माहिती पुन्हा लिहावी लागत नाही, पण गादी लागतेच; म्हणून त्याला दीडशे. हे पैसे परत नाहीत. मात्र जागाच शिल्लक नाही म्हणून मूल घेता आले नाही, तर ते परत गेलेच पाहिजेत. जागा नसताना फी घेऊन नाव नुसते यादीत लावून ठेवणे हा शुद्ध अन्याय आहे.

दुसरा कप्पा ठेवीचा. एक महिन्याची फी ठेव म्हणून घ्यावी, आणि मूल काढताना एक महिना आधी लेखी कळवले तर ती पूर्ण परत द्यावी किंवा शेवटच्या महिन्याच्या फीत वळती करावी. न कळवता कुणी अचानक मूल काढले, तर जागा भरेपर्यंतचा तोटा त्यातून निघतो. पहिल्या पंधरवड्यात मूल रुळलेच नाही, तर हजेरीच्या दिवसांची फी कापून बाकीची ठेव परत, असेही एक वाक्य तक्त्यात हवे. ते असते तर त्या सूनबाई रागावून गेल्या नसत्या.

ठेवीबद्दल एक धोका सांगून ठेवतो. वीस मुलांचे चाळीस हजार रुपये जमा दिसले की हात शिवशिवतात. मे महिन्यात मुले मामाच्या गावाला जातात, जमा कमी पडते, आणि कुणीतरी म्हणतो की तूर्त ठेवीतून पगार करू. एकदा तसे केले की ती ठेव नावापुरतीच उरते, आणि जून महिन्यात तीन मुले शाळेत गेली की परत द्यायला पैसे नसतात. म्हणून ठेवीचे खाते वेगळे असावे आणि त्याचा आकडा दर महिन्याला फळ्यावर लिहावा.

दुसरे मूल म्हणजे खोडवा नव्हे

आता भावंडांची सवलत. समितीत एक सूचना आली, की दोन मुले असली तर दोघांच्याही फीत पंचवीस टक्के सूट द्यावी. ऐकायला फार गोड वाटली. आमचे तर महिन्याला हजार रुपये वाचत होते! पण हिशेब मांडल्यावर आमची मान खाली गेली.

वीस मुलांचा महिन्याचा खर्च असा आहे. दोन ताईंचे मिळून वीस हजार, मावशींचे सात हजार. जागेचे एक हजार, वीज-पाणी-गॅसचे दोन हजार, औषधे, फिनेल, खेळणी मिळून एक हजार. खाऊ आणि दूध मुलामागे तीनशे, म्हणजे सहा हजार. एकूण सदतीस हजार. फी दोन हजार धरली तर वीस मुलांचे चाळीस हजार येतात. उरलेले तीन हजार ही काही कमाई नाही. मध्येच एक-दोन जागा रिकाम्या राहतात, तेवढ्यावरच ते संपतात.

या वीस मुलांत भावंडांच्या चार जोड्या आहेत, म्हणजे आठ मुले. दोघांनाही पंचवीस टक्के सूट दिली तर महिन्याला चार हजार गेले, म्हणजे शिल्लक संपून वर हजाराची तूट. ती तूट कोण भरणार? ज्यांचे एकच मूल आहे ते फी वाढवून भरतील, नाहीतर ताई कमी पगार घेऊन भरतील. तिसरा कुणी येणार नाही.

सवलत मागणाऱ्यांचा समज असा असतो, की एक मूल सांभाळतच आहेत, दुसऱ्याला असा काय खर्च? आपल्या भाषेत सांगायचे तर ते दुसऱ्या मुलाला खोडवा समजतात. खोडव्याला नांगरट नाही, सरी नाही, बेणे नाही. म्हणून तो लागणीपेक्षा स्वस्त पडतो हे खरे. पण दुसऱ्या मुलात असे काय वाचते? घरची माहिती लिहिण्याचे काम वाचते आणि संध्याकाळी दोन्ही मुले एकाच खेपेत जातात. बाकी त्याची दुपटी वेगळी, झोप वेगळी, घास वेगळा. धाकट्याला तर थोरल्यापेक्षा हात जास्त लागतात. हातच महाग आहेत; दूध-खाऊ स्वस्त आहे.

मग सवलत द्यायचीच नाही का? तसे आमचे म्हणणे नाही. जागा रिकामी असताना आणि जागा भरलेली असताना, या दोन वेळा वेगळ्या धरल्या पाहिजेत. वीस जागांपैकी सोळाच भरल्या असतील, तर ताई, मावशी, जागा यांचा खर्च तेवढाच राहतो. अशा वेळी आलेल्या दुसऱ्या मुलाचा वाढीव खर्च फक्त खाऊ-दुधाचा, तीनशे रुपये. त्याच्याकडून पंधराशे घेतले तरी पाळणाघराला बाराशेचा हातभार लागतो. सवलत नाही म्हणून ते मूल आलेच नसते, तर हेही मिळाले नसते. पण वीसच्या वीस भरल्या असून बाहेर तीन नावे ताटकळत असतील, तर पंधराशेत घेतलेले दुसरे मूल दोन हजार देणाऱ्याची जागा घेते. तिथे सवलतीची पूर्ण किंमत पाळणाघर मोजते.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. सवलत फक्त दुसऱ्या मुलाला, दहा टक्के, म्हणजे दोनशे रुपये. चार जोड्यांचे आठशे रुपये होतात, ते शिल्लकीतून निभतात. मुलांच्या वयाप्रमाणे फी वेगवेगळी असेल तिथे सवलत कमी फी असलेल्या मुलावर धरावी. दोघेही हजेरीपटावर असेपर्यंतच ती चालू राहील. थोरला पूर्णवेळ शाळेत गेला की धाकट्याची फी पूर्ण होईल, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितले जाईल. जागा रिकाम्या असतील त्या वर्षी समितीने टक्के वाढवावेत, पण ते त्या वर्षापुरते. एकदा दिलेली सूट काढून घेणे किती अवघड असते हे आपण सगळेच जाणतो.

सहा वाजून सत्तर मिनिटे

आता खरा अवघड प्रश्न. पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद होते. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात आम्ही एका गावी तोडणीचा घोळ निस्तरायला गेलो होतो. फडात ट्रॉली रुतलेली, मोबाईलला रेंज नाही. सौ. त्या दिवशी माहेरी गेलेल्या. आम्ही पाळणाघरापाशी पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती. लाईट गेलेली. ताई पायरीवर बसलेल्या, मांडीवर आमचा धाकटा झोपलेला, शेजारी थोरली दप्तर पाठीला लावून उभी. आम्ही तोंडातल्या तोंडात माफी मागितली. ताई म्हणाल्या, “असू द्या साहेब, काम असतं.” एवढेच बोलून त्या लगबगीने निघाल्या. त्यांची साडेसहाची एसटी चुकली होती, आणि त्यांची स्वतःची सात वर्षांची मुलगी शेजारणीच्या ओट्यावर त्यांची वाट बघत होती, हे आम्हाला नंतर कळले.

त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही. पुढचे चार महिने आम्ही एकदाही उशीर केला नाही. गरज पडली की दुपारीच फोन करून कुणाला तरी पाठवत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे.

उशीर करणारे आम्ही एकटेच नव्हतो. आठवड्यात चार-पाच वेळा कुणी ना कुणी रेंगाळत असे. तेव्हा समितीने ठराव केला, की सहा वाजून दहा मिनिटांनंतर मूल नेले तर दर मुलामागे पन्नास रुपये, ते महिन्याच्या फीबरोबर कार्यालयात भरावे. सगळ्यांना वाटले, आता शिस्त लागेल.

झाले उलटेच. दुसऱ्या महिन्यात उशीर आठवड्याला आठ-नऊ वेळा होऊ लागला. पूर्वी धावत येणारे आता चालत येऊ लागले. एक गृहस्थ तर बाजार करून, पिशव्या घेऊन पावणेसातला आले आणि हसत म्हणाले, “लावा पन्नास माझ्या नावावर.” आणि आम्ही? आमचीही लाज गेली. दोन मुलांचे शंभर रुपये भरले की आपण मोकळे, असे मनाला वाटू लागले. एका संध्याकाळी फोन करण्याची तसदीसुद्धा आम्ही घेतली नाही. ताईंचे उपकार होते तोवर आम्हाला ओझे वाटत होते. पैसे भरू लागलो आणि ते ओझे उतरले. शिवाय ते पैसे कार्यालयात जात होते. ताईंच्या हाती त्यातला एक रुपयाही पडत नव्हता आणि त्यांची एसटी मात्र रोज चुकत होती.

हैफा शहरातली मोजणी

हे आमच्याच वसाहतीत घडले असे समजू नका. इस्राएलमधल्या हैफा शहरात १९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमके हेच मोजून पाहिले. आपण एका फडात खताचा डोस देतो आणि शेजारचा फड बिनखताचा ठेवून तुलना करतो, तशीच त्यांची रीत होती. त्यांनी दहा पाळणाघरे घेतली. ती दुपारी चारला बंद होत. पहिले चार आठवडे काहीही न बदलता फक्त उशिरा येणारे पालक मोजले. पाचव्या आठवड्यापासून दहापैकी सहा ठिकाणी दंड लावला. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उरलेल्या चार ठिकाणी काहीच केले नाही.

दंड लावलेल्या सहा ठिकाणी उशीर कमी झाला नाही, वाढत गेला आणि काही आठवड्यांत जवळजवळ दुपटीवर जाऊन स्थिरावला. बिनदंडाच्या चार ठिकाणी फरक पडला नाही. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला. तरीही उशीर पहिल्या पातळीवर उतरला नाही, वाढलेलाच राहिला. २००० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘दंड म्हणजे किंमत’ असा आहे.

कारण काय असावे? दंड नव्हता तेव्हा, उशीर केला तर ताई काय म्हणतील, मूल ठेवून घेणार नाहीत की काय, हे पालकांना माहीत नव्हते. मनात धाकही होता आणि भीडही होती. दंड आल्यावर कळले, की जास्तीत जास्त दहा शेकेल जातात. उशीर हा विकत मिळणारा माल झाला, आणि मालही स्वस्त. पुढे किंमत काढून घेतली तरी तो माल आहे ही समजूत गेली नाही.

आपल्याकडच्या खुशालीचे असेच झाले नाही का? तोडणी चांगली केली म्हणून टोळीला आनंदाने काही देणे ही पहिल्यांदा खुशालीच होती. तिचा दर ठरला तेव्हा त्यातला आनंद गेला, आणि आज ती बंद करा म्हणून कितीही सांगितले तरी बंद होत नाही.

पण या मोजणीवरून पैशाने शिस्त लागतच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तिथली महिन्याची फी १,४०० शेकेल होती आणि दंड दहा. आपल्या दोन हजारांच्या फीशी प्रमाण लावले तर तो चौदा रुपयांच्या आसपास येतो. भारी दंड लावला असता तर काय झाले असते, हे त्या मोजणीतून कळत नाही. कळते ते इतकेच, की हलका दंड सगळ्यात वाईट. तो भीड घालवतो आणि धाकही बसवत नाही.

आपला पन्नास रुपयांचा आकार हलका होता की भारी, हेही तपासून पाहू. ताईंना महिन्याला दहा हजार मिळतात, दिवस सव्वीस आणि तास रोजचे नऊ. म्हणजे तासाला त्रेचाळीस रुपये. मावशींचे तासाला तीस. पगार थोडेच आहेत, ते वाढायला हवेत, पण तो वेगळा विषय. मुले असतील तोवर मोठी माणसे दोन तरी हवीत, एकट्या बाईवर टाकून चालणार नाही. जादा तासाला दीडपट धरले तर दोघींचा एक तास एकशे दहा रुपयांचा होतो. त्या तासाचे आपण पन्नास घेत होतो. ज्याला दंड म्हणत होतो ती प्रत्यक्षात सवलत होती, आणि ती ताईंच्या खिशातून जात होती!

मग तक्त्यात काय लिहावे

आम्ही समितीपुढे पहिल्यांदा मांडले, की हंगामात शेतकी विभागाच्या आणि कारखान्याच्या पाळीतल्या माणसांना उशीर माफ असावा. बैठकीला ताईंनाही बोलावले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, सीझन तुमचा आहे. माझी पोर मात्र बाराही महिने ओट्यावर बसते.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही सूचना मागे घेतली.

मग विचार केला, तेव्हा ध्यानात आले की उशीर दोन जातींचा असतो. एक जात ठरलेली. ज्यांची नोकरीच साडेसहाला सुटते, ते सहाला येणार कुठून? त्यांना दंड करणे म्हणजे सूर्य उशिरा मावळतो म्हणून त्याला दंड करण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी सात वाजेपर्यंतचा जादा तास उघडपणे ठेवावा आणि महिन्याच्या सुरुवातीला त्याची नोंद घ्यावी. खर्च दोघींचा महिन्याला सुमारे अठ्ठावीसशे. सात कुटुंबे असतील तर प्रत्येकी चारशे पडतात. हे सर्व पैसे ताई आणि मावशींच्या पगारात जमा होतील. सातपेक्षा कमी कुटुंबे झाली तर आकार वाढेल, हेही आधीच सांगावे. आणि जादा तास ताईंना मान्य असेल तरच. आमच्या दोन ताईंपैकी एकीचे गाव जवळ आहे, ती तयार आहे. दुसरीला एसटी गाठायची असते, तिला आग्रह करू नये.

दुसरी जात अवचित उशिराची. गाडी बंद पडली, साहेबांनी थांबवून ठेवले, पाऊस आला. त्याला सहानंतर दर अर्ध्या तासाला शंभर रुपये. हा आकार मुलामागे नसून कुटुंबामागे असावा. हैफात तो मुलामागे होता आणि आपल्याकडेही तसाच ठेवला होता, पण एका घरची दोन मुले राहिली म्हणून ताई दोनदा थांबत नाहीत, एकदाच थांबतात. हे शंभर रुपये कार्यालयात भरायचे नाहीत. त्याच संध्याकाळी, थांबलेल्या बाईंच्या हातात, समोरासमोर द्यायचे. त्यांच्याकडे बघून पैसे द्यावे लागले की ‘लावा माझ्या नावावर’ असे म्हणणे जरा जड जाते.

एका महिन्यात तीन वेळा अवचित उशीर झाला, तर तो अवचित राहिला नाही. त्या पालकांनी समितीसमोर येऊन बसावे आणि पुढच्या महिन्यापासून जादा तासाची नोंद करावी. जागा असेल तरच ती मिळेल. भांडण टळावे म्हणून भिंतीवरचे एकच घड्याळ प्रमाण मानावे, आणि मूल नेणाऱ्याने वहीत वेळ लिहून सही करावी. दहा मिनिटांची सूट मात्र तक्त्यात छापू नये. छापली की सहाचे पाळणाघर सहा-दहाला बंद होते असाच अर्थ होतो. हे आमच्याकडे झालेलेच आहे. पाच-दहा मिनिटे सांभाळून घेणे ताईंवर सोपवावे.

याने उशीर एकदम थांबेल अशी आमची भाबडी समजूत नाही. हैफात दंड काढल्यावरही जुने दिवस परत आले नाहीत, आपल्याकडेही एकदा गेलेली भीड एका ठरावाने परत येणार नाही. पण दोन गोष्टी नक्की होतील. थांबणाऱ्या बाईला थांबण्याचे पुरते पैसे मिळतील, आणि उशीर होणार हे ज्याला माहीत आहे त्याला चोरासारखे यावे लागणार नाही. नवा तक्ता लागू झाल्यावर तीन महिने वहीतल्या नोंदी मोजाव्यात. आठवड्याला चार-पाचवर उशीर आला तर ठीक. आठ-नऊवरच राहिला तर आकार अजून हलका आहे असे समजून तो वाढवावा, किंवा जादा तासाच्या जागा वाढवाव्यात.

तक्त्याचा कच्चा मसुदा शेतकी विभागाच्या कार्यालयात आणि पाळणाघराच्या दारावर लावला आहे. ज्यांना दहा टक्के सवलत कमी वाटते, त्यांनी तूट कुठून भरावी तेही लिहून द्यावे. ज्यांना शंभर रुपये जास्त वाटतात, त्यांनी एक दिवस सहा ते सात पायरीवर बसून पाहावे. आम्ही बसून पाहिले आहे. लाईट नसली की तो तास फार लांब होतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.